गव्हाण मोठी करण्याआधी पाण्याचा हिशेब मांडा

मा. अध्यक्ष, उपाध्यक्ष आणि सर्व संचालक,
आपला सहकारी साखर कारखाना
यांस,

स.न.वि.वि.

वार्षिक सभेची विषयपत्रिका परवा पोचली. कारखान्याची रोजची गाळप क्षमता २५०० टनांवरून ५००० टनांवर नेण्याचा विषय तिच्यात आहे. सोबतचा प्रकल्प अहवाल मी दोनदा वाचला. यंत्रसामग्री, कर्ज, व्याज, परतफेड सगळं त्यात आहे. पाण्याचा उल्लेख मात्र एकदाच सापडला: ‘कारखान्यास लागणारे बहुतांश पाणी उसातूनच उपलब्ध होईल.’ हे वाक्य खरं आहे. उसात वजनाच्या सत्तर टक्के पाणीच असतं, आणि रस आटवताना निघालेली वाफ थंड केली की ते हाती येतं. पण तो ऊस उभा करायला शेतात किती पाणी लागेल, ते कुठल्या धरणातून, कुठल्या चारीने येईल, याबद्दल अहवालात एक ओळ नाही. ती ओळ लिहिली जावी म्हणून हे पत्र.

आधीच सांगतो, मी उसाच्या विरोधातला नाही. निफाड तालुक्यात माझा तीन एकर ऊस आहे, दोन एकर द्राक्षबाग आहे आणि उरलेल्या रानात कांदा असतो. ऊस का लावतो, ते तुमच्यापेक्षा वेगळं काय सांगणार? द्राक्षाला एक गारपीट पुरते. कांद्याचं काय होतं ते डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली तेव्हा लासलगावच्या आवारात सगळ्यांनी पाहिलं. उसाला गारा सहसा बुडवत नाहीत आणि खाली एफआरपीचा आधार असतो. शिवाय आपली हवा उसाला मानवते. उन्हाळ्यात वाढीला भरपूर ऊन मिळतं आणि पिकायच्या वेळी, नोव्हेंबर ते जानेवारी, निफाडची ती हाडं गोठवणारी थंडी आणि कोरडी हवा असते. रात्र गार आणि जमीन कोरडी झाली की ऊस वाढ थांबवून साखर साठवतो. कोकणातल्या दमट हवेत असा उतारा मिळत नाही. म्हणजे ज्या कोरडेपणामुळे ऊस गोड होतो, त्याच कोरडेपणामुळे त्याला बाहेरून पाणी द्यावं लागतं. इगतपुरीला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि पूर्वेला निफाड-येवल्यात पाचशे-सहाशे. ऊस आहे तो या पूर्वेच्या बाजूला.

आता मुद्द्यावर येतो. कारखाना शेताच्या इतक्या जवळ का लागतो, याचं उत्तर नीट पाहिलं तर क्षमतावाढीचा प्रश्न पाण्याचाच आहे हे कळतं.

कांदा चाळीत चार-पाच महिने राहतो. द्राक्ष शीतगृहात आठवडे निघतात. तोडलेला ऊस मात्र दुसऱ्या दिवसापासून उतरायला लागतो. तोडल्यावरही कांडी जिवंत असते, श्वास घेते आणि त्यासाठी स्वतःची साखर वापरते. तिच्यातलाच एक पाचक रस साखरेचे दोन तुकडे करतो. ते चवीला गोड लागतात, पण त्यांचे दाणे पडत नाहीत, ते मळीत जातात. कापलेल्या टोकांतून जिवाणू शिरतात आणि रसात चिकट डिंकासारखा पदार्थ तयार करतात, त्याने पुढे रस गाळायलाही त्रास होतो. म्हणून तोडल्यापासून चोवीस तासांत मोळी गव्हाणीत पडावी असं शेतकी खातंच आपल्याला सांगतं. तीन दिवस झाले की नुकसान डोळ्यांना दिसण्याइतकं असतं.

यात एक फसगत आहे, ती सभासदांना माहीत असावी. हातातल्या ब्रिक्समीटरवर शिळा ऊस जास्त गोड दिसतो! तोडलेल्या उसातलं पाणी उडतं, रस घट्ट होतो आणि आकडा वर जातो. समजा ताज्या उसाचा ब्रिक्स २० आला आणि प्रयोगशाळेत त्यातली खरी साखर १७.६ निघाली, तर शुद्धता ८८ टक्के झाली. तोच ऊस चार दिवस पडून राहिला, ब्रिक्स २१ झाला आणि खरी साखर १७ वर आली, तर शुद्धता ८१ वर घसरली. आकडा एकने वाढला आणि माल उतरला. आपल्या केमिस्टना हे पाठ आहे. यार्डात उभ्या असलेल्या ट्रॉलीतली कांडी मोडून ‘ब्रिक्स चांगला आहे की’ म्हणणाऱ्यांना मात्र ते सांगावं लागतं.

दुसरं कारण साध्या वजनाचं. एक टन साखरेसाठी साधारण नऊ टन ऊस ओढावा लागतो. त्यातलं बहुतेक पाणी आणि चोथा. हा चोथा, म्हणजे बगॅस, शंभर टनांमागे अठ्ठावीस-तीस टन निघतो आणि त्यावरच बॉयलर चालतो, त्यामुळे गाळपासाठी कोळसा विकत आणावा लागत नाही. म्हणजे ट्रॉलीत कच्चा माल, इंधन आणि पाणी तिन्ही एकत्र येतात. हे सगळं ऐंशी-नव्वद किलोमीटर ओढायचं म्हणजे डिझेल जाळून पाणी वाहण्यासारखं आहे. आणि हा खर्च कुणा तिसऱ्याचा नाही. एफआरपी कारखान्याच्या दारातली असते, तोडणी-वाहतुकीचे टनाला आठशे-नऊशे रुपये तिच्यातूनच वजा होतात, तेही सगळ्यांच्या सरासरीने. लांबचा ऊस आला की जवळच्या सभासदाच्या बिलातून त्याचं भाडं जातं.

गेल्या हंगामात माझ्या बाबतीत काय झालं ते सांगतो, नाव-गाव न घेता. टोळी नांदगावकडची होती, माणसं मेहनती. सोमवारी सकाळी फडाला कोयता लागला, मंगळवारी दुपारी दोन ट्रॉल्या भरल्या. बाहेरच्या काट्यावर मी हौसेने वजन केलं, माल भरला १८.४ टन. यार्डात पोचलो तर पुढे लांबच्या गाड्यांची रांग. नंबर लागला गुरुवारी सकाळी. कारखान्याच्या काट्यावर तोच माल १७.९ टन. काट्यात खोट होती असं मी म्हणत नाही. दोन दिवसांच्या उन्हात अर्धा टन पाणी उडून गेलं, एवढंच. ते माझं नुकसान झालं. पण त्या ट्रॉलीतली जी साखर मळीत गेली ती सगळ्यांची गेली, कारण उतारा कारखान्याचा सरासरी धरला जातो. २०२५-२६ च्या दराने उताऱ्यात ०.१ टक्का फरक पडला तर टनाला ३४ रुपये ६० पैसे फरक पडतो. शिळ्या उसामुळे हंगामाचा उतारा ०.३ ने खाली आला तर टनाला १०४ रुपये. पावणेचार लाख टनांवर हिशेब करा, जवळपास चार कोटी होतात. यार्डातल्या रांगेचा हा खर्च ताळेबंदात कुठेच दिसत नाही.

आता सांगा, क्षमता दुप्पट केल्यावर जादा ऊस येणार कुठून? लांबून आणला तर वर सांगितलं ते सगळं दुपटीने होणार. म्हणजे तो जवळच, पंचवीस-तीस किलोमीटरच्या आतच पिकवावा लागेल. महाराष्ट्रात दोन कारखान्यांत पंचवीस किलोमीटर हवाई अंतराची अट आहे, तीही याच हिशेबाने. कारखान्याभोवतीचं हे वर्तुळ जितकं उसाचं, तितकंच पाण्याचं.

एका एकराचा हिशेब मी माझ्याच वहीतून देतो. सुरू ऊस, लागण जानेवारी अखेर, वाण ८६०३२, पाणी पाटाने म्हणजे सरीतून मोकळं. एका पाळीला रान भिजायला साधारण आठ सेंटिमीटर पाणी बसतं. एका एकरात ते झालं ३ लाख २० हजार लिटर. माझी पाच एचपीची मोटर तासाला तीसेक हजार लिटर काढते, म्हणजे एक पाळी पुरी व्हायला अकरा तास. रात्रीची आठ तास वीज धरली तर दीड रात्र. उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी, थंडीत पंधरा दिवसांनी, पावसाळ्यात गरज पडेल तसं, अशा वर्षात अठ्ठावीस पाळ्या झाल्या. गुणाकार केला तर नव्वद लाख लिटर. पिकाला उपयोगी पडलेला पाऊस त्यात धरला की एकराला एक कोटी लिटरच्या घरात आकडा जातो. आडसालीला सोळा-अठरा महिने रानात राहायचं असतं, त्यामुळे त्याचं पाणी याहून जास्त. एकराला चाळीस टन आणि अकरा टक्के उतारा धरला तरी किलोभर साखरेमागे सव्वादोन हजार लिटरच्या वर पाणी जातं.

आता हेच कारखान्याला लावा. रोज २५०० टन आणि हंगाम दीडशे दिवसांचा, म्हणजे पावणेचार लाख टन. खोडवा धरून एकरी सरासरी पस्तीस टन पकडली तर साधारण १०,७०० एकर ऊस लागतो. क्षमता दुप्पट म्हणजे आणखी तेवढेच एकर. त्या जादा एकरांना नव्वद लाख लिटरप्रमाणे पाऊस सोडून शेतावर ९,६०० कोटी लिटरच्या वर पाणी द्यावं लागेल. धरणाच्या भाषेत ३.४ टीएमसी. करंजवण धरणाचा उपयुक्त साठा ५.४ टीएमसीच्या आत आहे आणि गंगापूरचा ५.६ च्या आसपास. पाणी धरणातून सोडल्यावर कालव्यात आणि चाऱ्यांत त्याचा तिसरा हिस्सा जिरतो असं धरलं, तर ३.४ शेतावर पोचवायला धरणातून पाच सोडावे लागतात. म्हणजे आपल्या एका ठरावामागे जवळजवळ एक करंजवण.

इथे कुणी म्हणेल की कालव्यात जिरलेलं पाणी वाया जात नाही, ते विहिरींना उतरतं. बरोबर आहे. माझी विहीर पालखेडच्या कालव्याच्या पाझरावरच तग धरते. आवर्तन लांबलं की तिचा तळ दिसतो. पण म्हणूनच ‘आमचा ऊस विहिरीवर आहे, कालव्यावर नाही’ हे म्हणणं पोकळ आहे. विहिरीचं पाणी हे त्याच धरणाचं, उशिरा पोचलेलं पाणी. आणि या पाण्याला दुसरे वाटेकरी आहेत. पालखेड डावा कालवा निफाडातून पुढे येवल्याला जातो. आपल्याकडे मोटरी सुरू असताना टेलच्या गावांत आवर्तनाचं पाणी पोचतं की नाही, हे तिकडच्या पाहुण्यांना विचारा. खाली जायकवाडी आहे. पावसाळ्यानंतर तिथला साठा पासष्ट टक्क्यांच्या खाली राहिला तर वरच्या धरणांतून पाणी सोडावं लागतं, आणि २०२३ च्या नोव्हेंबरात ते सोडलंही गेलं. अशा वर्षी नव्या दहा हजार एकरांच्या उन्हाळी पाळ्या कुणी भागवायच्या?

मागच्या गटबैठकीत एका संचालकांनी सांगितलं होतं की पंचवीस किलोमीटरच्या वर्तुळात पावणेपाच लाख एकरांहून जास्त जमीन आहे, त्यातले दहा हजार एकर म्हणजे जेमतेम दोन टक्के. एवढ्याने काय होतं? गणित चुकलेलं नाही, पण ते जमिनीचं गणित आहे. जमिनीची टंचाई आपल्याकडे कधीच नव्हती. त्याच वर्तुळातल्या कांद्याचं, गव्हाचं, हरभऱ्याचं पीक उसाच्या मानाने मोजक्या पाळ्यांत हाती येतं. उसाचा एक एकर त्यांच्या कित्येक एकरांचं पाणी घेऊन उभा असतो, आणि अहवालात आलेलं ते उसातलं पाणी याच्यापुढे किती आहे तेही पाहा. पावणेचार लाख टन उसाबरोबर कारखान्यात सव्वीस कोटी लिटर येतात. शेतात दिलेल्या शंभर लिटरमागे पाव लिटर. बाकी हवेत गेलं किंवा जमिनीत.

हा प्रश्न नवा नाही, आपले पूर्वज तो सोडवत आले आहेत. बागलाण-कळवणकडे मोसम, आरम, गिरणेच्या काठी फड पद्धत होती, काही ठिकाणी अजून आहे. बंधाऱ्याखालच्या रानाचे तीन-चार फड पाडायचे आणि एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. उसाचा फड एकच, तोही पाळीपाळीने बदलणारा. बंधाऱ्यात पाणी किती, त्यावरून उसाचं क्षेत्र ठरे. उसासाठी पाणी शोधत कुणी हिंडत नसे. पाटकरी पाणी फिरवायचा आणि त्याच्या शब्दाला मान होता. इंग्रजांच्या काळात कालवे दुष्काळ निवारणासाठी काढले गेले, पण चांगल्या पावसाच्या वर्षी ज्वारीला पाणी मागायला कुणी येईना, आणि वर्षभर पाणीपट्टी देणारं पीक म्हणजे ऊस. त्याने सगळं पाणी गिळू नये म्हणून विश्वेश्वरय्यांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धत आणली: ब्लॉकच्या एक तृतीयांश क्षेत्रातच ऊस, बाकी हंगामी पिकं, आणि ऊस दरवेळी दुसऱ्या तुकड्यात. यामुळे जमिनीलाही विसावा मिळायचा. आज कालव्याच्या तोंडाशी वर्षानुवर्षं उसावर ऊस घेऊन काळी रानं चोपण झाली आहेत. पांढरा थर आला, वाफसा लवकर येईना, उगवण विरळ झाली की समजायचं.

ठिबकचं काय, हा तुमचा पुढचा प्रश्न असेल. ठिबक कराच. उसाला ठिबक बंधनकारक करण्याचा निर्णय राज्य सरकारने २०१७ मध्येच घेतला आहे. माझ्या तीनपैकी एका एकरावर ठिबक आहे आणि तिथे नव्वद लाखांऐवजी पन्नास लाखांच्या आसपास भागतं, शिवाय टनेज वाढलं. पण दोन अडचणी आहेत, त्या कंपनीचा माणूस सांगत नाही. कालव्याचं आवर्तन महिना-दीड महिन्याने येतं आणि ठिबकला पाणी रोज किंवा दिवसाआड लागतं. मधल्या काळासाठी भरवशाची विहीर नाहीतर शेततळं हवं, आणि ते सगळ्यांकडे नाही. दुसरी अडचण आपल्या स्वभावाची आहे. पाणी वाचलं की आपण ते कालव्यात ठेवत नाही, शेजारच्या तुकड्यात आणखी ऊस लावतो. मीही तेच केलं, खोटं कशाला बोलू? दोन एकरांचा तीन एकर ऊस त्याच वर्षी झाला.

म्हणून माझं मागणं असं आहे. ठिबकचं गणित आधी आहे त्या क्षमतेला लावा. एकरी पन्नास टन मिळाले तर पावणेचार लाख टनांना साडेसात हजार एकर पुरतात, आणि ठिबकवर त्यांना १.३ टीएमसी लागतं. सगळ्यांचे पन्नास टन भरणार नाहीत हे मलाही कळतं. पण निम्मं जमलं तरी वाचणारं पाणी लहान नाही. कर्ज काढायचंच तर नव्या गव्हाणीआधी सभासदांच्या ठिबकसाठी आणि सामाईक शेततळ्यांसाठी काढा.

ऊस नोंद घेताना आज गट नंबर, वाण आणि लागणीची तारीख लिहिली जाते. त्यात पाण्याचा स्रोत आणि सिंचनाची पद्धत हे दोन रकाने घाला. चारीनिहाय बेरीज करा आणि कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत त्या वर्षी किती आवर्तनं ठरतात, त्याच्याशी ती ताडून पाहा. बेरीज जुळत नसेल त्या चारीवर नव्या लागणीची, निदान आडसालीची, नोंद घेऊ नका. फडावर चिटबॉय जी स्लिप फाडतो तिच्यावर तोडणीची तारीख आणि वेळ लिहा, काट्यावर पोचल्याची वेळ संगणक टाकतोच. दोन्हींतला फरक गटवार फलकावर लावा. त्यावरून यार्डात रांग का लागते तेही कळेल आणि मोठी गव्हाण खरोखर हवी आहे की नीट तोडणी कार्यक्रम हवा आहे, तेही.

धाकट्या गव्हाणीने उभा ऊस राहून जातो, मेपर्यंत कोयता लागत नाही, ही सभासदांची तक्रार मला ठाऊक आहे आणि ती खरी आहे. पण तसा प्रकार चांगल्या पावसाच्या वर्षांतला. सलग दोन वर्षं पाऊस कमी झाला की लागणी कोसळतात आणि पाच हजार टनांचा कारखाना पंच्याहत्तर दिवसांत रिकामा बसतो, कर्जाचा हप्ता मात्र बाराही महिने चालू. आपल्या जिल्ह्यात बंद पडलेल्या कारखान्यांची धुराडी रस्त्यावरून जाताना आपण सगळेच पाहतो. ती का थंडावली याची कारणं अनेक, पण गव्हाणीला ऊस न मिळणं हे त्यांत असतंच.

सभेत या विषयाला मी उभा राहणार आहे. पहिला प्रश्न आधीच कळवतो, म्हणजे उत्तर तयार ठेवता येईल: जादा १०,७०० एकरांपैकी कुठल्या चारीवर किती एकर, आणि २०१५ किंवा २०१८ सारखं वर्ष आलं तर त्यांची एप्रिल-मेची पाळी कुठून? माझी पाळ्यांची वही सोबत आणतो. शेतकी अधिकाऱ्यांनी नोंदीचं रजिस्टर आणावं.

कळावे,

आपला,
एक ऊसउत्पादक सभासद
ता. निफाड, जि. नाशिक